धागा: सहा महिन्यांनी न सापडलेल्या बाळंतिणी. अर्धवट नोंदी काढून टाकायच्या की कोऱ्या जागा इम्प्युटेशनने भरायच्या?

सागरवेळ

नमस्कार मंडळी. मी मानसोपचारात एमडी करतेय, थीसिसचं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत चालू आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत नोंदवलेल्या तीनशेच्या आसपास बायका आहेत. प्रश्न असा की नवऱ्याचं दारू पिणं आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी आईला येणारं नैराश्य, यांचा संबंध किती. नैराश्य ईपीडीएसवर मोजलंय, एडिनबरोची ती १० प्रश्नांची, ० ते ३० गुणांची प्रश्नावली. नोंदणीच्या दिवशी एकदा, सहा आठवड्यांनी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा.

सहा महिन्यांनी शंभरावर बायका मिळाल्याच नाहीत. शिवाय साठेक जणींचा दारूचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा आहे. गाईड म्हणतात, अर्धवट नोंदी काढ, उरलेल्यांवर रिग्रेशन लाव, विषय संपला. सीनियर म्हणते, मल्टिपल इम्प्युटेशन केलं नाहीस तर जर्नलवाले दारातूनच परत पाठवतील. मी दोन्ही करून पाहिलं. नुसत्या पूर्ण नोंदी घेतल्या तर दोन गटांत साधारण दीड गुणाचा फरक येतो, इम्प्युटेशननंतर अडीचच्या जवळ. कुठला धरू? आणि गृहीतकं लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

दापोलीकर

सरळ नियम आहे. पाच टक्क्यांपर्यंत गाळलं तरी चालतं, त्यापुढे इम्प्युटेशन. तुमचं तर तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलंय, म्हणजे विचारायचं कारणच नाही. आम्ही शेतीच्या प्रयोगांत हे कित्येक वर्षं करतोय. ब्लॉकमधला एक प्लॉट गेला तर बाकीच्या प्लॉटांवरून त्याची किंमत काढायची पद्धत येट्सने १९३३ सालीच दिली आहे. गाळल्याने नमुना लहान होतो, भरल्याने होत नाही. इम्प्युटेशन केव्हाही वरचढ.

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

मला हे कधी पटलेलं नाही. जी बाई समोर बसलीच नाही तिचा स्कोर संगणक ठरवणार, आणि तो आपण निष्कर्षात धरणार? वीस वर्षं ओपीडी करतोय. पेशंट आला नाही तर केसपेपरवर "आला नाही" असंच लिहितो, "आला असता तर बरा असता" असं लिहीत नाही.

सागरवेळ

सर, माझ्या गाईडांचं शब्दशः हेच म्हणणं आहे. त्यांनी एक मुद्दा आणखी मांडला. मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांचं वय, शिक्षण, कितवं बाळंतपण हे सगळं ताडून पाहिलं, कुठेच पी ०.०५ च्या खाली नाही. गळती योगायोगाची आहे का ते तपासणारी लिटलची टेस्टही लावली, तीही सिग्निफिकंट नाही. म्हणजे गळती निव्वळ योगायोगाची, एमसीएआर, असं लिहून मोकळी हो म्हणाले.

खाडीकाठ

मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आहे, मूळचा मालवणचा. सागरवेळ, उत्तर देण्याआधी तुला एक विचारतो. सहा महिन्यांनी ज्या मिळाल्या नाहीत त्या का मिळाल्या नाहीत? आणि दारूचा रकाना कोरा का राहिला? टक्केवारी बाजूला ठेव, मला कारणं हवीत. दोन्ही कारणं वेगळी असणार असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर एकच औषध दोन्हीला चालणार नाही.

लिटलच्या टेस्टबद्दल इतकंच की ती फक्त दिसणाऱ्या आकड्यांवर चालते. न दिसणाऱ्या स्कोरमुळे बाई गळली असेल तर ते तिला कळायचा मार्गच नाही. आणि तीनशेच्या नमुन्यात पी मोठा आला म्हणून योगायोग सिद्ध होत नाही. ते वाक्य थीसिसमध्ये घालू नकोस.

दापोलीकर साहेब, तुमच्या प्लॉटवर आंब्याची फांदी पडली की प्लॉट जातो, त्या प्लॉटमधलं पीक खराब होतं म्हणून तो जात नाही. इथे नेमका तोच घोळ असू शकतो. पाच टक्क्यांचा नियम म्हणाल तर पाच टक्के नोंदी जाऊनही निष्कर्ष वाकडा होऊ शकतो, आणि चाळीस टक्के जाऊनही सरळ राहू शकतो. कशामुळे गेल्या यावर ते ठरतं.

गुहागरची_मावशी

अगो, कारणं मी सांगते. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले, बाळंतिणींच्या मागे धावण्यात जन्म गेला.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुंबईची, ठाण्याची, विरारची सून सातव्या महिन्यात गावी येते, तिथेच तुमच्या दवाखान्यात नाव घालते. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की सासरी परत. तुम्ही सहा महिन्यांनी त्या घरी गेलात तर आई सांगणार, ती मुंबईला गेली. त्या मुलीला काही झालेलं नसतं, ती फक्त तिकडे असते.

दुसरी तऱ्हा वेगळी. घर तिथेच, बाई घरातच, पण सासू ओटीवरूनच म्हणते, "बरी आहे ती, झोपलीय, नंतर या." तीनदा गेलं तरी झोपलेलीच. अशा घरात आशा ताईला विचारा, ती सांगेल. ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळाला बघायला घरात जाते, तिला आत काय चाललंय ते ठाऊक असतं.

आणि दारूचं म्हणाल तर विचारताना शेजारी कोण बसलं होतं ते आधी बघा. सासूसमोर कोण सांगेल की नवरा पितो म्हणून? ज्याचा पीत नाही ती पटकन "नाय" म्हणते. ज्याचा पितो ती पदराशी चाळा करत बसते. मासेमारीवाल्या घरात तर जून-जुलैच्या बंदीत विचारलंत तर एक उत्तर आणि ऑगस्टात होड्या गेल्यावर विचारलंत तर दुसरं.

सागरवेळ

मावशी, तुम्ही माझा डेटा न बघताच सांगितलात. फॉर्मवर "मुलाखतीवेळी खोलीत दुसरं कोणी होतं का" हा रकाना आहे, तो सगळ्यांचा भरलेला आहे. कोऱ्या साठपैकी बहुतेकींच्या वेळी सासू किंवा नणंद हजर होती.

खाडीकाठ

मावशींनी माझं निम्मं काम केलं. आता दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घेऊ, आधी दारूचा कोरा रकाना.

मावशींचं म्हणणं खरं धरलं तर रकाना कोरा राहण्याचं कारण त्या रकान्यातलं उत्तरच आहे. नवरा पितो म्हणून ती गप्प. याला एमएनएआर म्हणतात, आणि साधं मल्टिपल इम्प्युटेशन असं नाही हे धरूनच चालतं. त्याची अट एमएआर: बाकीची माहिती हातात असताना, कोरा असणं आणि आतलं उत्तर यांचा आणखी संबंध उरू नये.

एक बनावट उदाहरण घेतो, आकडे माझ्या मनचे आहेत. ३०० बायका, १५० जणींचे नवरे पितात, १५० जणींचे नाही. पिणाऱ्यांच्या बायकांत ४० टक्के नैराश्य, म्हणजे ६० जणी. न पिणाऱ्यांच्यात १० टक्के, म्हणजे १५. न पिणाऱ्यांच्या सगळ्या बायकांनी उत्तर दिलं. पिणाऱ्यांच्या फक्त ५० जणींनी दिलं, पण त्या ५० जणींतही नैराश्य ४० टक्केच आहे, म्हणजे २०. गप्प राहण्याचा संबंध नवऱ्याच्या दारूशी आहे, पुढच्या नैराश्याशी वेगळा नाही.

आता कोऱ्या १०० जणी काढून टाका. पिणाऱ्यांच्यात ५० पैकी २०, म्हणजे ४० टक्के. न पिणाऱ्यांच्यात १५० पैकी १५, म्हणजे १० टक्के. दोन्ही आकडे बरोबर. गाळूनसुद्धा.

त्याच १०० जणी इम्प्युटेशनने भरा. संगणकाला दिसतं की उत्तर दिलेल्या ३५ नैराश्यग्रस्त बायकांपैकी २० जणींचे नवरे पितात, आणि नैराश्य नसलेल्या १६५ पैकी ३० जणींचे. कोऱ्या १०० जणींत ४० नैराश्यग्रस्त आहेत, त्यांतल्या सुमारे २३ तो "पितो" मध्ये टाकणार. उरलेल्या ६० पैकी सुमारे ११. वास्तवात सगळ्या शंभरांचे नवरे पितात! शेवटी पिणाऱ्यांच्या गटात नैराश्य ५१ टक्के दिसतं आणि न पिणाऱ्यांच्यात १५ टक्के. खरा फरक ३० टक्क्यांचा, इम्प्युटेशन सांगतं ३६.

म्हणून सागरवेळ, तुझा दीडचा अडीच झाला यातला काही भाग असा आलेला असू शकतो.

दापोलीकर

थांबा. मी तुमचे आकडे कागदावर मांडले. ऑड्स रेशो दोन्हीकडे ६ च येतो. मग बिघडलं कुठे?

खाडीकाठ

छान पकडलंत. दोनच चल असताना भरताना वापरलेलं नातं आणि मोजायचं नातं एकच असतं, म्हणून ऑड्स रेशो टिकतो. तिच्या मॉडेलमध्ये वय, आधीचा स्कोर असं बरंच आहे आणि ती गुणांतला फरक मोजतेय, तिथे ही सवलत मिळेलच असं नाही. धोक्याचे टक्के तर वर दाखवलेत तसे हलतातच.

उलट बाजूही बघा. याच उदाहरणात कुणी विचारलं की या बायकांत नैराश्य एकूण किती, तर खरं उत्तर ३०० पैकी ७५, म्हणजे २५ टक्के. गाळून काढलं तर २०० पैकी ३५, साडेसतरा टक्के. तोच डेटा, तीच गाळणी, पण एका प्रश्नाला बरोबर उत्तर आणि दुसऱ्याला चूक. म्हणून "माझ्या डेटाला कुठली पद्धत" असं विचारून उत्तर मिळत नाही, प्रश्नासकट विचारावं लागतं.

नवखा_विश्लेषक

मी एका विमा कंपनीत डेटाचं काम करतो. आमच्याकडे कोऱ्या जागी सरासरी टाकतात, किंवा ग्राहकाचा मागचा आकडाच पुढे ओढतात. ताईंकडे सहा आठवड्यांचा स्कोर आहे ना? तोच सहा महिन्यांना टाकला तर एवढी भानगड कशाला?

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

म्हणजे सहाव्या आठवड्याला रडणारी बाई सहाव्या महिन्यालाही तितकीच रडतेय असं धरायचं. काही जणी त्या मुदतीत आपोआप सावरतात, काही आणखी खाली जातात. ओपीडीत बसून हे रोज दिसतं.

खाडीकाठ

डॉक्टरांशी सहमत. शिवाय एकदाच भरलेला आकडा संगणक खरा मोजलेला समजतो, म्हणून कॉन्फिडन्स इंटर्व्हल खोटा अरुंद येतो. सरासरी टाकण्याचंही तेच.

डॉक्टर, तुमचा पहिला आक्षेपही इथेच येतो. मल्टिपल इम्प्युटेशन त्या बाईचा स्कोर ठरवत नाही. समजा ४० वेळा भरलं, तर तिचा स्कोर एका संचात ९ येईल, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ६. प्रत्येक संचावर रिग्रेशन वेगळं लावायचं आणि संचांमधली ही ओढाताण अनिश्चिततेत मिळवायची. रुबिनचं सूत्र आहे, `T = W + (1 + 1/m)B`. `W` ही संचाच्या आतली अनिश्चितता, `B` संचांमधली. बाईबद्दल माहिती जितकी कमी, तितका `B` मोठा. तुमच्या केसपेपरवरचं "आला नाही" त्या `B` मध्ये उतरलेलं असतं.

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

हे आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. पटलं असं अजून म्हणत नाही. तुमचं सूत्र पोकळ जागा किती मोठी ते सांगतं, ती भरताना धरलेली समजूत चूक असेल तर सूत्र काय करणार?

खाडीकाठ

काहीच नाही. त्यासाठीच गृहीतक लिहायचं आणि मग मुद्दाम मोडून बघायचं. त्यावर येतो.

आता दुसरी गळती, सहा महिन्यांच्या स्कोरची. मुंबईला परतलेल्या सुना सोप्या आहेत. कायमचा पत्ता नोंदणीतच आहे, तो मॉडेलमध्ये घेतला की त्या गाळल्याने फरकाला धक्का लागत नाही. फक्त परिणामाचा रकाना कोरा असेल आणि गळतीचं कारण मॉडेलमधल्या चलांनी पूर्ण झाकलं जात असेल, तर पूर्ण नोंदींचं विश्लेषण आणि इम्प्युटेशन जवळपास एकच उत्तर देतात. तिथे इम्प्युटेशनने पदरात काही पडत नाही, यदृच्छेचा थोडा गोंगाट तेवढा वाढतो. सीनियरला हे सांग.

खरी अडचण "झोपलेल्या" सुनांची. सहाव्या आठवड्यालाच ज्यांचा स्कोर चढा होता त्या पुढे जास्त गळल्या का? ते आधी तपास.

सागरवेळ

आत्ताच पाहिलं. हो. सहाव्या आठवड्याला १३ किंवा वर असलेल्यांत निम्म्याहून जास्त गळल्या, खालच्यांत चौथा हिस्सा. मग सहा आठवड्यांचा स्कोरही रिग्रेशनमध्ये टाकून देऊ का? म्हणजे गाळणीच चालेल.

खाडीकाठ

नको, इथेच बरेच लोक फसतात. नवऱ्याची दारू, त्यातून सहाव्या आठवड्याचं नैराश्य, त्यातून सहाव्या महिन्याचं. मधली पायरी मॉडेलमध्ये घातलीस तर दारूचा परिणाम तीच खाऊन टाकते आणि तुझा मूळ प्रश्नच बदलतो. ती मॉडेलबाहेर ठेवायची, पण गळती तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून नुसती गाळणी चुकते. इम्प्युटेशनचा खरा उपयोग या जागी आहे. सहा आठवड्यांचा स्कोर भरण्याच्या मॉडेलमध्ये घ्यायचा, मोजण्याच्या मॉडेलमध्ये नाही. आशा ताईच्या भेटींच्या नोंदी मिळाल्या तर त्याही तिथेच.

पुन्हा बनावट आकडे. पिणाऱ्यांच्या १०० बायका, सहाव्या आठवड्याला ५० चढ्या, ५० उतरत्या. चढ्यांची सहाव्या महिन्याची सरासरी १४, उतरत्यांची ८, म्हणजे गटाची ११. न पिणाऱ्यांच्या १०० मध्ये चढ्या २०, उतरत्या ८०, सरासरी ९.२. खरा फरक १.८ गुण. आता दोन्ही गटांत चढ्यांतल्या ४० टक्केच मिळाल्या आणि उतरत्यांतल्या ८० टक्के. मिळालेल्यांची सरासरी एका गटात १०, दुसऱ्यात ८.७. गाळणीने फरक १.३ वर आला. सहा आठवड्यांचा स्कोर धरून भरलं तर पुन्हा १.८ च्या आसपास पोचतो.

म्हणजे एका रकान्यात गाळणी बरोबर आणि भरणं चूक, दुसऱ्यात नेमकं उलट. तुझ्या डेटात दोन्ही आहेत.

सागरवेळ

मग करायचं काय? अर्धं हे, अर्धं ते?

खाडीकाठ

हो, अक्षरशः तसंच. लिटल आणि झांग यांनी २०११ मध्ये हाच विचार मांडला आहे. ज्यांनी दारूचं उत्तर दिलं त्याच बायका ठेवायच्या, आणि त्यांच्यात सहा महिन्यांचा स्कोर इम्प्युटेशनने भरायचा. आर मधल्या `mice` पॅकेजमध्ये असं:

```r
library(mice)
s    <- subset(d, !is.na(daru))
ini  <- mice(s, maxit = 0)
pred <- ini$predictorMatrix
pred[, "id"] <- 0
post <- ini$post
post["epds_6m"] <- "imp[[j]][, i] <- imp[[j]][, i] + 0"
imp  <- mice(s, predictorMatrix = pred, post = post,
             m = 40, maxit = 20, seed = 11)
fit  <- with(imp, lm(epds_6m ~ daru + epds_0 + vay + patta + hajar))
summary(pool(fit), conf.int = TRUE)
```

`epds_6w` टेबलात आहे, म्हणून भरताना वापरला जातो, `lm` मध्ये नाही. `daru` भरण्याच्या मॉडेलमध्ये असलाच पाहिजे, नाहीतर भरलेल्या स्कोरमध्ये दारूचा संबंध शून्याकडे ओढला जाईल. `m` किती घ्यायचा यावर व्हाइट, रॉयस्टन आणि वुड यांचा २०११ चा सल्ला आहे: जितके टक्के नोंदी अपुऱ्या, निदान तितके संच. पाच संचांचा जमाना गेला. `plot(imp)` करून रेषा एकमेकींत मिसळतात का ते बघ. एखादी एकाच दिशेने चढत चालली असेल तर काहीतरी बिनसलंय. आणि बाळंतपणानंतर कोणी दगावली असेल तर तिचा स्कोर भरू नकोस. तिला सहाव्या महिन्याचा स्कोर नसतोच, ती नोंद वेगळी सांगायची.

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

एक मुद्दा, आकडेशास्त्राबाहेरचा. ईपीडीएसचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बऱ्याच जणी नऊ उत्तरं देतात आणि तो सोडतात. तुमच्या कोडने अशा बाईचा एकूण स्कोर भरला जाईल, विश्लेषणापुरतं ठीक आहे. पण दहावा कोरा सोडलेल्या बायकांची यादी काढून आजच फोन करा. थीसिस नंतर.

सागरवेळ

सर, ते आमच्याकडे त्याच दिवशी होतं, कोरा असला तरी कन्सल्टंट बोलतात. पण यादी पुन्हा तपासते.

खाडीकाठ दादा, `+ 0` कशासाठी ठेवलंत?

खाडीकाठ

डॉक्टरांच्या प्रश्नासाठी. सहा आठवड्यांचा स्कोर सारखा असूनही, न सापडलेली बाई सापडलेलीपेक्षा जास्त खचलेली असू शकते. म्हणजे स्कोरची गळतीही एमएनएआर. ते डेटावरून कधीच कळणार नाही, म्हणून `+ 0` च्या जागी `+ 2`, `+ 4` टाकून बघायचं. याला डेल्टा म्हणतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. दोन्ही गटांत सारखाच डेल्टा टाकला तर फरक फारसा हलत नाही. समजा पिणाऱ्यांच्या गटात ४५ टक्के कोरे, दुसऱ्यात ३० टक्के. २ चा डेल्टा एका गटाची सरासरी ०.९ ने उचलतो, दुसऱ्याची ०.६ ने, फरक बदलतो फक्त ०.३. "डेल्टा लावून पाहिला, निष्कर्ष टिकला" असं लोक अभिमानाने लिहितात ते बहुधा हेच असतं. खरी कसोटी डेल्टा एकाच गटात टाकल्यावर लागते. तुझ्या बाबतीत पिणाऱ्यांच्या गटात उणे आणि दुसऱ्यात अधिक टाकून फरक कुठे मिटतो ते शोध, आणि तेवढा डेल्टा खरंच शक्य आहे का ते डॉक्टरांसारख्यांना विचार.

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

मला विचाराल तर ४ गुण ही मोठी उडी आहे, २ सहज शक्य. पण हा माझा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

गुहागरची_मावशी

अंदाज कशाला करता? गणपतीत मुंबईकरणी येतात की गावी. तेव्हा घरोघर जा. सहा महिन्यांचे आठ झाले असतील एवढंच.

सागरवेळ

मावशी, गेल्या गणपतीत अशा दहा-बारा जणी भेटल्या होत्या, स्कोरही घेतलेत. उशीर झाला म्हणून मुख्य टेबलात धरले नव्हते.

खाडीकाठ

सोनं आहे ते, टाकू नकोस! त्यांचे स्कोर कोरे समजून इम्प्युटेशन कर आणि भरलेले आकडे खऱ्याशी ताडून बघ. खरे सातत्याने वर असतील तर डेल्टा किती घ्यायचा याचा अंदाज त्यातून मिळेल. दहा-बारा जणींवर फार भार टाकता येणार नाही हे मान्य.

दापोलीकर

पण गणपतीला गावी येऊ शकणारी बाई ही मुळातच बरी असणार ना? जिला उठवत नाही ती एसटीत बसून येईल का?

खाडीकाठ

रास्त शंका. म्हणजे तिथून मिळणारा डेल्टा कमीच पडेल असं धरू. शिवाय मावशींच्या "झोपलेल्या" सुना गावातच आहेत, गणपतीत भेटलेल्या वेगळ्या. एका गटाचा डेल्टा दुसऱ्याला लावणं मलाही अवघड वाटतं.

गृहीतकं मात्र आता लिहिता येतील. निरीक्षणात्मक अभ्यास कसे लिहायचे त्याच्या २००७ च्या स्ट्रोब मार्गदर्शिकेतही कोरी माहिती आणि गळती कशी हाताळली ते सांगा अशी अपेक्षा आहेच. असं काहीतरी लिही: "दारूच्या प्रश्नाचं उत्तर न देणं हे खुद्द उत्तरावर अवलंबून असू शकतं, म्हणून तो रकाना भरला नाही. नोंदणीवेळचा स्कोर, वय, पत्ता आणि मुलाखतीवेळी इतर कोणी हजर होतं का, हे धरल्यावर उत्तर न देण्याचा सहा महिन्यांच्या स्कोरशी संबंध उरत नाही असं मानलं. उत्तर दिलेल्यांपैकी ज्यांचा सहा महिन्यांचा स्कोर नाही, त्यांच्याबाबत वरील माहिती, दारूचं उत्तर आणि सहा आठवड्यांचा स्कोर धरल्यावर गळती एमएआर मानली. हे दुसरं गृहीतक डेल्टा बदलून तपासलं." पूर्ण नोंदींचं नुसतं विश्लेषणही शेजारी दे, गाईडांनाही बरं वाटेल आणि वाचणाऱ्याला फरक कुठून आला ते दिसेल.

गुहागरची_मावशी

एक विचारू? ज्या घरात सासू बोलूच देत नाही, त्या घरात सुनेचं पुढे वाईटच होणार. दारू असो वा नसो. ते तुमच्या "संबंध उरत नाही" मध्ये कुठे बसलं?

खाडीकाठ

मावशी, तिथेच दुखतं. "कोणी हजर होतं का" या रकान्यात ते थोडं पकडलं जातं, पूर्ण नाही. हजर असणं वेगळं आणि बोलू न देणं वेगळं. दुसरं मोजलेलं नाही, त्यामुळे पहिलं गृहीतक तेवढं कच्चं आहे. ते मर्यादांमध्ये लिहावं लागेल.

सागरवेळ

एक सुचतंय. कोऱ्या साठपैकी ज्यांचे नंबर आहेत त्यांना बाई एकटी असताना फोन करून दारूचं पुन्हा विचारलं तर? काही जणी तरी सांगतील. की वर्षभराने फोनवर मिळालेलं उत्तर आणि तेव्हा समोरासमोर मिळालेलं उत्तर एका रकान्यात घालणं चूक?

वेंगुर्ल्याचा_डॉक्टर

एथिक्स कमिटीची परवानगी आधी. फोन नवऱ्याच्याच हातात असला तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवा.

दापोलीकर

वेगळा रकाना करा, "उत्तर कसं मिळालं". मिसळू नका.

खाडीकाठ

वेगळा रकाना हवाच. पण वर्षभरात बाळ झालंय, स्कोर येऊन गेलाय, आता दिलेलं उत्तर तिच्या आजच्या मनःस्थितीनेही रंगेल. म्हणजे उत्तर मिळणं पुन्हा परिणामाशी जोडलं जाईल, आणि गाळणी ज्या अटीवर टिकत होती तीच डळमळेल. मी असतो तर मुख्य विश्लेषण जुन्याच उत्तरांवर ठेवलं असतं आणि फोनवरचं वेगळं तपासलं असतं. यावर दुसरं मत असलेलं कोणी असेल तर वाचायला आवडेल.